चार टोकांवर उभी कमान

माझ्या ट्रेमध्ये एक छोटा पोलादी तुकडा असतो. त्याला दोन जबडे आहेत आणि त्यांना जोडणारी एक उंच कमान. प्रत्येक जबड्याला दोन टोकं, फोर्सेप्सचं नाक घालायला एकेक भोक, आणि काहींना बाहेर पसरलेले छोटे पंख. रबर डॅमचा क्लॅम्प तो हाच. बावीस वर्षं मी तो हाताळते आहे, तरी चांगल्या दाढेवर तो नीट बसला की अजूनही क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहावंसं वाटतं. कमानीचा सगळा ताण चार टोकांवर येतो आणि ती चार टोकं दाताच्या मानेवर, फुगवट्याच्या खाली, चार कोपऱ्यांत टेकतात. एवढंच त्याचं काम, पण त्यावर पुढचा तासभर अवलंबून असतो.

क्लॅम्पची ही बैठक वाचायची कशी, ते एका दाढेवरून सांगते. पन्नाशीच्या एक काकू रूट कॅनालसाठी आल्या होत्या. खालची डावी दुसरी दाढ मागच्या बाजूने हिरडीपर्यंत किडलेली, जिभेकडची भिंत अर्धी गेलेली. अक्कलदाढ पूर्वीच काढलेली, त्यामुळे मागच्या दाताचा आधार नाही. जे धरायचं ते याच दाढेवर.

आधी मी ७ नंबर घेतला. खालच्या दाढांसाठी तो नेहमीचा. त्याचे जबडे सपाट, हिरडीला समांतर. तो बसला, दिसायलाही ठीक दिसत होता. पण बोटाने कमानीवर पुढून दाबलं तर मागचा भाग उचलला गेला. गालाकडून दाबलं तर जिभेकडे हलला. म्हणजे चारपैकी दोनच टोकं टेकली होती. दोन टोकांवरचा क्लॅम्प बिजागरीवरच्या दारासारखा फिरतो. रबर ताणलं, की तो हळूहळू वर सरकतो आणि कधीतरी एकदम उडतो, किंवा फिरता फिरता हिरडी कापतो. इथे कारण दाढेच्या ठेवणीत होतं. दाढ बुटकी होती, तिचा फुगवटा हिरडीच्या पातळीवर होता आणि सपाट जबडे त्या फुगवट्यावरच अडकले होते. त्यांना खाली उतरायला जागा नव्हती.

म्हणून ८ए. नंबरापुढच्या त्या ‘ए’चा अर्थ मला फार आवडतो: जबडे हिरडीच्या दिशेला वाकवलेले. टोकं हिरडीची कड हलकेच बाजूला सारून खाली जातात आणि जिथे दात पुन्हा आत वळतो तिथे धरतात. अर्धवट उगवलेल्या किंवा बुटक्या दाढेला म्हणूनच हीच घडण घ्यायची. दाढ मोठी असती तर याच घडणीचा पण रुंद १४ए लागला असता. नंबर पाठ करणाऱ्यांची इथेच गफलत होते. यादीत ‘खालची दाढ’ वाचून क्लॅम्प उचलला जातो, पण निवड ठरते ती मानेच्या रुंदीवर आणि फुगवटा कुठे आहे यावर. जबडा मानेपेक्षा रुंद असेल तर टोकं कोपऱ्यात न बसता हवेत राहतात. फार अरुंद असेल तर चारही टोकं मधल्या सपाट भागावर येतात आणि क्लॅम्प पुढे-मागे डुलतो.

८ए बसला, चारही बाजूंनी दाबून पाहिला, हलला नाही. काकूंनी मात्र चेहरा वाकडा केला. दाढ पूर्ण बधिर होती, तरी दुखलं. खालच्या जबड्याच्या नेहमीच्या इंजेक्शनने दात आणि बहुधा जिभेकडची हिरडी बधिर होते. गालाकडच्या हिरडीची नस वेगळी आहे. तिथे चार थेंब वेगळे द्यावे लागतात. ते दिले, दोन मिनिटं थांबले, पुन्हा क्लॅम्प लावला. आधीच दोन्ही जबड्यांच्या भोकांतून डेंटल फ्लॉस ओवून ठेवला होता. कमान मधेच तुटली तर दोन्ही तुकडे हातात राहावेत म्हणून तो दोन्ही भोकांतून जायला हवा. एकाच भोकात बांधलेला फ्लॉस अर्धं काम करतो. वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आणि हायपोक्लोराइटने गंजून कमानी तुटतात, हे मी पाहिलेलं आहे.

मग रबर. पंचच्या मोठ्या भोकाने एक छिद्र, कडा एकसंध. कडेला बारीक चीर राहिली तरी ताणल्यावर तिथूनच फाटतं. रबर क्लॅम्पच्या पंखांखाली सारलं, फ्लॉसने पुढच्या फटीतून खाली नेलं आणि कडेला हवा मारत बोथट अवजाराने ती कड हिरडीच्या खाचेत आत वळवली. या आत वळवण्यावर माझा जीव आहे. वळली नाही तर रबर दाताला फक्त टेकून असतं आणि लाळ त्याखालून वर चढते. वळली की ते गळ्याला मफलर गुंडाळल्यासारखं बसतं. इथे मागच्या-जिभेकडच्या कोपऱ्यात ते बसलं नाही, कारण तिथे भिंतच नव्हती. ती मी आधी ग्लास आयोनोमरने उभी केली होती, कारण थोड्या ओलाव्यात ते टिकतं. पण तीही ओबडधोबडच होती. म्हणून दाताभोवतीच्या रबरात साधं पाणी भरलं आणि अर्धा मिनिट पाहिलं. पातळी उतरली. गळतीच्या त्या जागी प्रकाशाने घट्ट होणारं सील लावलं. पुन्हा पाणी, आता ते स्थिर राहिलं.

पाण्याने आधी पाहणं का, तर पुढे तिथे हायपोक्लोराइट जाणार. रूट कॅनालमध्ये फाइल फक्त वाट मोकळी करते. आतल्या कोपऱ्यांतल्या जिवाणूंना आणि मेलेल्या पेशींना हे द्रावण मारतं आणि विरघळवतं. तेच हिरडीवर उतरलं तर जाळतं, घशात गेलं तर त्याहून वाईट. आणि उलट दिशेनेही, म्हणजे लाळ आत जाण्याकडेही, पाहायला हवं. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांची नस उघडी ठेवली. तिथे नस जगली, तिने स्वतःवर डेंटिनचा पूलही बांधला. तोच प्रकार साध्या उंदरांत केला तेव्हा नस सडली. दोन्हींमधला फरक फक्त जिवाणूंचा होता. लाळेच्या एका थेंबात ते भरपूर असतात. आपण तासभर घासून, धुऊन स्वच्छ केलेल्या नळीत तो थेंब पडू देणं म्हणजे केलेलं काम वाया घालवणं.

रबराने मला एक गोष्ट अशी दिली की ती आधी लक्षात आली नव्हती: फाइल हातातून निसटली तर ती रबरावर पडते, काकूंच्या श्वासनलिकेजवळ जात नाही.

नळ्या भरल्या आणि त्याच रबराखाली बॉन्डिंगला लागले. इथे वैरी वेगळा, ओलावा. एचिंगने डेंटिनवरचा खनिजांचा थर निघतो, कोलॅजनचं जाळं उघडं पडतं आणि त्यात रेझिन शिरायला हवं. लाळेतली प्रथिनं त्या जाळ्यावर बसली की रेझिनला वाट मिळत नाही. रक्त तर आणखी वाईट. श्वासातला दमटपणाही पृष्ठभागावर बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॉम्पोझिटची कड काही महिन्यांनी काळी पडायला लागते. आणखी एक पेच या दाढेपुरता होता. हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनमध्ये उरलेला ऑक्सिजन रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणतो. त्यामुळे आतल्या भिंतीचा वरचा पातळ थर बरने खरवडून ताजा डेंटिन उघडा केला आणि मगच बॉन्ड लावला. रबराने हा ताजेपणा राखला, पण तो आपोआप मिळाला नव्हता.

या क्लॅम्पलाही मर्यादा आहेत. पोर्सिलेनच्या कॅपवर मी तो लावत नाही, कडेचा टवका उडू शकतो. वाकड्या दाढेवर नळी शोधताना कधी मी आधी डॅमशिवाय वाट उघडते, कारण रबराखाली दाताचा कल कळत नाही आणि बर भलत्या दिशेने जाऊन मुळाला भोक पडू शकतं. नस दिसली की लगेच डॅम. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर नायट्राइलचं पान घ्यायचं. ते कमी ताणतं, म्हणून भोक एक नंबर मोठं.

सन १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी खालची दाढ लाळेत बुडते म्हणून रबराच्या पानाला भोक पाडून ते दातावर चढवलं. त्या पहिल्या खेपेला हे क्लॅम्प नव्हते.

काम संपल्यावर फोर्सेप्सने ८ए उघडला, अलगद वर घेतला. काकूंच्या हिरडीवर गालाकडे दोन आणि जिभेकडे दोन फिकट खळगे उमटले होते, चारही सारख्या खोलीचे.