त्याच जागेवरचं दुसरं गाणं

‘केजीएफ : चॅप्टर १’ या चित्रपटात एक नाचगाण्याचा प्रसंग आहे. त्यात कोणतं गाणं वाजतं, असा साधा प्रश्न बेंगळुरूत विचारला, तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. कन्नडमध्ये पाहिलेला माणूस ‘जोके’ म्हणतो, हिंदीत पाहिलेला ‘गली गली’. महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी हा चित्रपट हिंदीतच पाहिला. त्यामुळे त्यांच्यापुरता दुसरं गाणं अस्तित्वातच नाही. या चित्रपटावरचं बरंचसं मराठी-हिंदी लेखन वाचताना मला हीच अडचण येते. लेखक ‘ते रिमिक्स’ म्हणतो आणि पुढे निघून जातो. कोणतं रिमिक्स, हे ठरल्याशिवाय पुढचं विवेचन उभंच राहत नाही.

आधी हकिकत. चित्रपट बेंगळुरूच्या होंबाळे फिल्म्सचा, दिग्दर्शक प्रशांत नील, संगीत रवी बसरूर यांचं. तो डिसेंबर २०१८मध्ये कन्नडसह पाच भाषांत प्रदर्शित झाला. कन्नडमधल्या या प्रसंगात तमन्ना भाटिया नाचते आणि ऐरा उडुपी गाते. हे गाणं मूळचं १९७०च्या ‘परोपकारी’ या राजकुमारांच्या कन्नड चित्रपटातलं, एल. आर. ईश्वरी यांनी गायलेलं. कन्नडमध्ये ‘जोके’ म्हणजे ‘सांभाळून’, ‘जपून’. हिंदी आवृत्तीत त्याच जागी मौनी रॉय नाचते आणि नेहा कक्कर गाते. हे रिमिक्स तनिष्क बागची यांचं. मूळ गाणं १९८९च्या ‘त्रिदेव’मधलं, अलका याज्ञिक आणि मनहर उधास यांच्या आवाजातलं. यश मात्र दोन्हीकडे आहे.

म्हणजे इथे मूळ गाण्याऐवजी रिमिक्स आलं, इतकंच घडलेलं नाही. एका जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीची जागा दुसऱ्याच जुन्या गाण्याच्या नव्या आवृत्तीने घेतली आहे. ‘सैराट’शी तुलना केली की फरक कळतो. ‘झिंगाट’ हिंदी ‘धडक’मध्ये गेलं तेव्हा शब्द बदलले, पण अजय-अतुल यांची चाल राहिली. तिथे गाण्याचं भाषांतर झालं. इथे चालही गेली, शब्दही गेले, नाचणारी आणि गाणारीही बदलली. उरली ती फक्त पटकथेतली जागा.

मग एखाद्या प्रतीत काय वाजतं, हे ठरवायचं कसं? अल्बमवरून ठरवू नये, आणि गाण्याच्या स्वतंत्र व्हिडिओवरून तर नाहीच. व्हिडिओ जाहिरातीसाठी वेगळा कापलेला असतो. हल्ली कित्येक रिमिक्स अल्बममध्ये असतात, पण चित्रपटात थेट श्रेयनामावलीच्या वेळी वाजतात किंवा वाजतच नाहीत. मी प्रसंगाच्या कडा पकडतो. गाण्याआधीचा शेवटचा संवाद आणि गाण्यानंतरचा पहिला संवाद टिपायचा, त्यांच्या वेळा लिहून ठेवायच्या, आणि दुसऱ्या भाषेतल्या प्रतीत त्याच दोन संवादांच्या मध्ये काय आहे ते पाहायचं. मधला वेळ कमी-जास्त असू शकतो, कारण नवं गाणं नव्याने कापलेलं असतं. कडा जुळल्या, की दोन गाणी एकाच जागेवर बसली आहेत असं खात्रीने म्हणता येतं.

‘केजीएफ’मध्ये डोळ्यांची साक्षही मिळते. नुसता आवाज बदलला असता, तर तमन्नाचे ओठ एक बोलले असते आणि ऐकू दुसरं आलं असतं. इथे दृश्यच वेगळं चित्रित केलेलं आहे. म्हणून आवाज पूर्ण बंद करूनसुद्धा प्रत ओळखता येते : तमन्ना दिसली तर ‘जोके’, मौनी रॉय दिसली तर ‘गली गली’. पार्श्वभूमीला गाणं वाजतं तिथे ही सोय नसते. तिथे कानावरच भिस्त ठेवावी लागते.

कानाने पाहायचं ते गायिकेचा आवाज आणि ठेका. १९७०च्या ध्वनिमुद्रणात वादक एकत्र वाजवतात, लय किंचित पुढे-मागे होते, खालचा बेस पातळ असतो. संगणकावर बांधलेल्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारखा आणि खर्ज जड. फोनवर गाणं ओळखून देणाऱ्या सोयीवर मात्र विसंबू नये. तिच्या साठ्यात जे ध्वनिमुद्रण आहे त्याच्याशीच ती जुळवणी करते, आणि रिमिक्समध्ये जुन्या गाण्याचा तुकडा उचललेला असेल तर ती मूळ गाण्याचंही नाव सांगू शकते. वर संवाद आणि हाणामारीचे आवाज मिसळले, तर तिचा गोंधळ आणखी वाढतो. आणखी एक मर्यादा : दूरचित्रवाणीवरच्या प्रतीत गाणी सर्रास कापली जातात. तिथे गाणं न दिसणं हा कशाचाच पुरावा नाही.

इतकी खटपट करण्याचं कारण समीक्षेचं आहे. चित्रपटाची कथा १९५१पासून सुरू होते आणि रॉकीच्या तरुणपणाचा काळ सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा आहे. ‘जोके’ त्या काळात बसतं. १९७०चं गाणं काही वर्षांनी नाचगाण्याच्या जागी वाजत असणं अगदी शक्य आहे. ठेका आजचा असला तरी आठवण त्या काळाची आहे, आणि ती राजकुमारांच्या चित्रपटातून आलेली आहे. कन्नड प्रेक्षकाच्या कानात नव्या नायकाच्या मागे जुना नायक उभा राहतो.

‘गली गली’ कथेच्या काळात अजून जन्मलेलंच नाही. म्हणून ‘या चित्रपटातलं रिमिक्स काळाशी विसंगत आहे’ हा आक्षेप हिंदी प्रतीला लागू होतो, कन्नड प्रतीला नाही. पण मला हिंदी निवड निव्वळ चूकही वाटत नाही. कन्नड सिनेमातल्या १९७०च्या गाण्याची आठवण हिंदी प्रेक्षकाकडे नाही. ते तसंच ठेवलं असतं, तर त्याला ते नवं गाणंच वाटलं असतं आणि जुन्याचा धक्का लागलाच नसता. ‘त्रिदेव’ मात्र त्याच्या ओळखीचा : तिथेही बेकायदेशीर सत्ता, सोनं, बंदुका आणि सूड. हिंदी प्रतीने कथेचं साल सोडलं आणि प्रेक्षकाच्या लहानपणाचं साल धरलं. तिच्या दृष्टीने ‘जुनं’ म्हणजे रॉकीच्या काळातलं नव्हे, तर प्रेक्षकाच्या काळातलं.

त्याची किंमतही आहे. कन्नडमध्ये गाणं रॉकीच्या जगात वाजतं. तिथे बसलेल्या माणसांनी ते आधी ऐकलेलं असू शकतं. हिंदीत ते फक्त आपण ऐकलेलं आहे, पडद्यावरच्या कुणीही नाही. प्रसंग पुढे सरकवण्याचं काम दोन्ही गाणी सारखंच करतात. पण एक गाणं कथेच्या आत आहे, तर दुसरं तिच्याबाहेर, आपल्या शेजारच्या खुर्चीत. या चित्रपटावर लिहिताना भाषेचा उल्लेख कंसातल्या तपशिलासारखा करून भागत नाही, तो त्यामुळेच. ‘केजीएफमधलं गाणं’ हे एकवचन चुकीचं आहे. लिहिणाऱ्याने आपण कोणत्या प्रतीवर लिहितो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगितलं पाहिजे.