कवचाच्या आतल्या सह्या

1984 साली बाजारात आलेल्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाचे मागचे कवच उघडणे सोपे नव्हते. त्याचे स्क्रू खोल भोकांत बसवलेले होते आणि ते फिरवायला लांब दांड्याचा, टी-15 मापाचा खास टॉर्क्स पेचकस लागत असे. घरोघरच्या ग्राहकाकडे तो असण्याचे कारणच नव्हते. ज्यांनी तो मिळवला आणि कवच काढून उलटे धरले, त्यांना आतल्या प्लॅस्टिकवर उठलेल्या सह्या दिसल्या. हे यंत्र ज्यांनी घडवले त्यांच्या त्या सह्या.

एखादा अवघड प्रकल्प पार पडल्यावर चमूचे आभार कसे मानावेत, या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. प्रकल्प संपला की बहुतेक ठिकाणी जो मजकूर फिरतो, त्यात ‘अथक परिश्रम’, ‘निष्ठा’, ‘अहोरात्र मेहनत’ असे शब्द असतात. ते खोटे नसतात. पण त्यातले नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्याला पाठवला, तरी काही बिघडत नाही. सहीचे तसे नाही. म्हणून या सह्या एखादी कविता वाचावी तशा ओळीओळीने वाचाव्यात असे मला वाटते.

आधी त्यांचा जन्म पाहू. मॅकिंटॉशच्या प्रणालीचा मोठा भाग लिहिणाऱ्या अँडी हर्ट्झफेल्डने या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. 10 फेब्रुवारी 1982 रोजी ॲपलच्या मॅकिंटॉश विभागात एक छोटा समारंभ झाला. कवचाचा साचा तयार करायला देण्याची वेळ आली होती. कलावंत आपल्या कृतीवर सही करतात, तशी आपणही करायची, ही कल्पना स्टीव्ह जॉब्सची. कवचाचे काम पाहणाऱ्या जेरी मॅनॉकने टेबलावर मोठा ड्रॉइंग कागद पसरला आणि एकेकाला नावाने पुढे बोलावण्यात आले. पहिला मान बरेल स्मिथचा, कारण यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड त्याने रचला होता. सुमारे पस्तीस जणांच्या सह्या व्हायला चाळीसेक मिनिटे लागली. जॉब्सने सर्वांत शेवटी, कागदाच्या वरच्या भागात मध्याजवळ सही केली. पुढे काही नावांची भर पडली आणि त्या सह्या साच्यात कोरल्या गेल्या. त्यामुळे साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कवचावर त्या आपोआप उमटू लागल्या.

यातली पहिली जाणण्याजोगी गोष्ट म्हणजे क्रम. जो सत्तेने सर्वांत मोठा, तो शेवटी आला आणि ज्याच्या हातून यंत्राचा गाभा झाला, तो आधी. जॉब्सने निवडलेली जागा मध्याजवळची होती, हेही नजरेआड करू नये. नेत्याचा अभिमान तिथे आहेच, पण त्या अभिमानाला चाळीस मिनिटे थांबावे लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या कागदावरची संगत. बिल ॲटकिन्सनचे नाव तिथे आहे. पडद्यावर आकृती काढणारा क्विकड्रॉ हा कार्यक्रमसंच त्याने लिहिला. त्याच कागदावर कोलेट ॲस्कलंडचीही सही आहे. सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेघा कुठून कुठे न्यायच्या, याची आखणी ती करत असे. कार्यालयाचा कारभार सांभाळणाऱ्या सहायकांच्या सह्याही तिथेच आहेत. हुद्द्याची ओळ कुठेही नाही. सर्वांत बोलकी सही मात्र जेफ रॅस्किनची आहे. 1979 मध्ये हा प्रकल्प त्यानेच सुरू केला होता. 1981 मध्ये जॉब्सने त्याच्याकडून सूत्रे घेतली. दोघांचे पटले नाही आणि सह्यांच्या त्याच सुमारास रॅस्किन ॲपलमधून बाहेर पडत होता. तरीही त्याचे नाव साच्यात राहिले. ज्याच्याशी मतभेद झाले, त्याचेही काम नोंदवणे ही कौतुकाची खरी कसोटी आहे आणि हा कागद तिला उतरतो.

तिसरी गोष्ट जागेची. या सह्या ग्राहकाला दिसण्यासाठी नव्हत्या, विक्रीसाठी तर नव्हत्याच. बाहेरच्या लोकांना दाखवायचे कौतुक बहुधा कंपनीची जाहिरात होऊन जाते. हे कौतुक करणाऱ्यांचे आणि केलेल्या वस्तूचे आपसातले राहिले.

आता याच चमूची दुसरी वस्तू शेजारी ठेवू. हे काम किती जीवघेणे आहे ते सांगताना, आपली माणसे आठवड्याला नव्वद तास राबतात, असे जॉब्स पत्रकारांना सांगत असे. विभागाच्या वित्त शाखेने मग राखाडी रंगाचे टोपीवाले स्वेटशर्ट बनवून घेतले. पाठीवर छापले होते ‘90 HRS/WK AND LOVING IT!’, म्हणजे आठवड्याला नव्वद तास आणि तेही आनंदाने. भेट प्रेमाने दिलेली होती, लोकांनी ती हौसेने वापरलीही. तरी वाचणाऱ्याला त्यात एक उणीव दिसते. सगळ्यांच्या पाठीवर एकच आकडा आहे. सर्किट रचणारा, कार्यक्रम लिहिणारा आणि हिशेब ठेवणारा, तिघेही तिथे फक्त नव्वद तास आहेत. माणसाने काय दिले ते हा शर्ट सांगत नाही, त्याचे काय खर्च झाले तेवढेच सांगतो. 1985 च्या सुरुवातीला बरेल स्मिथने ॲपल सोडले, तेव्हा त्याने आपल्या शर्टावरच्या 9 वर फुली मारली. उरले शून्य तास, आनंदाने. साच्यासाठी ज्याने पहिली सही केली, त्यानेच तासांचा गौरव असा खोडला. दोन्ही वस्तूंवर याहून नेमके भाष्य मला करता येणार नाही.

परिश्रमाचे मोजमाप कसे फसते, याचा आणखी एक दाखला त्याच काळातला. 1982 च्या सुरुवातीला ॲपलच्या लिसा संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्यांना दर आठवड्याला एक फॉर्म भरावा लागे. त्यात आपण कोडच्या किती ओळी लिहिल्या ते नोंदवायचे होते. ॲटकिन्सनने नुकताच क्विकड्रॉचा एक किचकट भाग सोप्या पद्धतीने नव्याने लिहिला होता. तो जवळजवळ सहापट वेगवान झाला आणि सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्याने फॉर्मवर लिहिले: -2000. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणे बंद झाले. ओळी मोजणाऱ्याला त्याचे सर्वांत मोलाचे काम तोट्यासारखे दिसले असते. ‘खूप काम केलेस’ असे त्याला म्हणणे चुकीचेच ठरले असते. म्हणायला हवे होते ते असे: ‘नको असलेले तू काढून टाकलेस आणि आकृती सहापट लवकर उमटायला लागली.’

कौतुकाची भाषा इथे सापडते. कामाने काय बदलले ते सांगायचे. चमूतल्या लॅरी केन्यनचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 1983 मध्ये, यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागतो, अशी तक्रार जॉब्सने त्याच्याकडे केली. जॉब्सने हिशेब मांडला की पुढे पन्नास लाख लोक हे यंत्र रोज सुरू करतील आणि प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर रोज पाच कोटी सेकंद वाचतील. म्हणजे रोज एका माणसाचा दीड वर्षाहून अधिक वेळ. पुढच्या काही महिन्यांत सुरू होण्याचा वेळ खरोखरच दहा सेकंदांहून अधिक घटला. हा हिशेब त्या वेळी जोर लावण्यासाठी वापरला गेला. काम झाल्यावर तोच केन्यनला परत सांगणे, हे उत्तम आभारपत्र झाले असते.

सह्यांचीही एक मर्यादा आहे आणि तिचे कारण यंत्रनिर्मितीच्या क्रमातच आहे. प्लॅस्टिकचा साचा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून सह्या लवकर घ्याव्या लागल्या. यंत्र लोकांसमोर आले 24 जानेवारी 1984 रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. मधल्या काळात आलेली बरीच माणसे साच्यात नाहीत. हसरा संगणक, बॉम्बचे चित्र आणि पडद्यावरची अक्षरे रेखाटणारी सुझन केअर 1983 मध्ये आली. ब्रूस हॉर्नबरोबर फाइंडर लिहिणारा स्टीव्ह कॅप्सही तेव्हाचाच. सॉफ्टवेअरच्या शेवटच्या झुंजीत अशा उशिरा आलेल्यांचाही वाटा होता. जानेवारीच्या सुरुवातीला चमूने दोन आठवडे वाढवून मागितले आणि जॉब्सने नकार दिला. जे तयार असेल ते तुमच्या नावानिशी बाहेर जाईल, अशा आशयाचे तो बोलला. 16 जानेवारीच्या पहाटे काम संपले, तेव्हा माणसे थकून कार्यालयातच पसरली होती. कवच उघडून पाहिले तर या पहाटेचे काहीच तिथे नाही. पुढच्या मॉडेलांत कवचाची आतली रचना बदलली, तशा जुन्यांतल्याही काही सह्या गळाल्या.

ही उणीव अनावरणाच्या दिवशी थोडी भरून निघाली. कार्यक्रम संपल्यावर जॉब्सने चमूला एका ट्रकजवळ जमवले. ट्रकमध्ये शंभरेक नवे मॅकिंटॉश होते आणि प्रत्येकावर नावाची पाटी होती. एकेकाचे नाव पुकारून, हस्तांदोलन करून त्याने ते दिले. उशिरा आलेल्यांनाही आपल्या नावाचे यंत्र मिळाले.

सह्या, शर्ट आणि नावाची पाटी लावलेले यंत्र या तीन वस्तू शेजारी ठेवून वाचल्या की आभारपत्र कसे लिहावे ते उलगडते. मी त्या जानेवारीत केन्यनला लिहिले असते ते असे: ‘लॅरी, ऑगस्टमध्ये हे यंत्र सुरू होताना जेवढा वेळ घेई, त्यातले दहा सेकंद आज उरलेले नाहीत. ते तू काढलेस. ग्राहकाला हे कधी कळणार नाही, कारण त्याने जुने वाट पाहणे पाहिलेलेच नाही. आम्ही पाहिले आहे.’ केअरला असे: ‘यंत्र सुरू झाल्यावर पडद्यावर पहिल्यांदा चेहरा दिसतो तो तू काढलेला आहे. ज्याने कधी संगणकाला हात लावला नाही, त्याची भीती तिथेच कमी होईल.’ दोन्हीत मेहनतीचा उल्लेख नाही. पत्रांची अदलाबदल केली तर दोन्ही निरर्थक होतात. लिहून झाल्यावर हीच परीक्षा करावी.

असे लिहायला ज्ञान लागते. कोणी काय केले हे प्रमुखाला ठाऊक नसेल, तर त्याच्या पत्रात निष्ठा आणि परिश्रमच उरतात. म्हणून आधी शेजारच्या माणसांना विचारावे: तुझे काम कोणामुळे अडले नाही? बोर्डावर रेघा आखणाऱ्या कोलेटचे नाव बरेलकडून कळते, वरून कळत नाही. अशी विचारणा प्रकल्प चालू असतानाच करून टिपून ठेवावी. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना सगळ्यांत उशिरा घडलेलेच आठवते. साच्याने आधी आलेल्यांची नावे राखली आणि उशिरा आलेल्यांची गमावली. टिपणवहीला दोन्ही राखता येतात.

तासांचा उल्लेख करायचाच असेल, तर तो गौरव म्हणून करू नये, देणे म्हणून करावा. नव्वद तासांची परतफेड सुट्टीने होते, शब्दांनी होत नाही. यंत्र बाहेर पडल्यावर काही आठवड्यांतच हर्ट्झफेल्ड दीर्घ रजेवर गेला. ही रजा त्याला मागावी लागू नये, अशी सोय आभारपत्रासोबतच व्हायला हवी. पत्रात मग फक्त तेवढेच लिहावे जे त्या एका माणसावाचून झाले नसते आणि खाली आपली सही करावी.