क्विक सॉर्ट की मर्ज सॉर्ट: एका रूढ प्रश्नाची समीक्षा

क्रमवारी लावण्याच्या पद्धती शिकविताना, क्विक सॉर्ट श्रेष्ठ की मर्ज सॉर्ट, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा प्रघात आहे. उत्तरासाठी बहुधा दोहींतील तुलनांची संख्या मोजली जाते. परंतु फाइल मेमरीत मावेनाशी झाली, की ती डिस्कवरून किती वेळा वाचावी व लिहावी लागते हेच निर्णायक ठरते.

क्विक सॉर्टच्या जन्मकथेतच हा भेद दिसतो. १९६० च्या सुमारास मॉस्को येथे टोनी होअर रशियन भाषेच्या यांत्रिक अनुवादाचा अभ्यास करीत होते. शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमे लावलेला होता. फीत मागेपुढे न फिरविता सर्व शब्द सापडावेत, म्हणून वाक्यातील शब्द आधी वर्णानुक्रमे लावणे अवश्य होते. त्यातून ही पद्धती सुचली. क्रम लावावयाची यादी लहान होती. मोठी फाइल आधीच क्रमबद्ध होती.

आता ८० जीबीची शब्दसूची व ४ जीबी मेमरी घेऊ. डिस्कवरच क्विक सॉर्ट चालविल्यास प्रत्येक विभाजनात सारी फाइल वाचून लिहावी लागते. विभाजन नेमके अर्ध्यावर झाले, तरी ४०, २०, १०, ५ व २.५ जीबी अशा पाच फेऱ्या होतात; मेमरीतील अंतिम क्रमवारीची सहावी. डिस्कचा वेग सेकंदाला १६० एमबी धरल्यास एका फेरीस सुमारे १७ मिनिटे, म्हणजे एकूण १०० मिनिटे लागतात.

मर्ज सॉर्टने चार-चार जीबीचे २० क्रमबद्ध तुकडे करून ते दोन-दोन जोडत नेले, तरी फेऱ्या सहाच होतात. म्हणजे केवळ नाव बदलून लाभ नाही. वीसही तुकडे एकदम जोडले, तर मात्र दोनच फेऱ्यांत, ३३ मिनिटांत, काम संपते. प्रत्येक तुकड्याच्या वाट्यास सुमारे १९० एमबी मेमरी येते. हा वाटा फार लहान झाला, तर डिस्कचा काळ वाचण्याऐवजी जागा शोधण्यात जातो; प्रोसेसर रिकामा व डिस्क सतत व्यग्र, ही त्याची खूण.

क्विक सॉर्टमध्येही एकदम वीस भाग करता येतील, असा आक्षेप संभवतो. तथापि त्यासाठी सीमाशब्द आधीच अंदाजाने ठरवावे लागतात. ‘आहे’सारख्या शब्दाच्या सर्व नोंदी एकाच भागात पडतात व तो भाग मेमरीत मावेनासा होतो. मर्ज सॉर्टचे तुकडे आकाराने पाडलेले असल्याने हा धोका उद्भवत नाही. तात्पुरत्या तुकड्यांसाठी डिस्कवर आणखी ८० जीबी जागा मात्र हवी.

सबब, तुकड्यांच्या आत क्विक सॉर्ट व तुकड्यांमध्ये बहुमार्गी मर्ज, असे या दोन पद्धतींचे नाते आहे. त्यांत स्पर्धा कल्पिणारा प्रश्नच सदोष होय.