प्रकाशसंवेदी अपस्मार आणि संगणकीय खेळांतील दृश्य-परिणाम : ‘तीन फ्लॅश’ मर्यादेचा चिकित्सक विचार

संगणकीय खेळ व अॅप यांतील दृश्य-परिणामांच्या सुरक्षिततेचा विचार करताना जपानमधील १६ डिसेंबर १९९७ च्या घटनेपासून प्रारंभ करणे क्रमप्राप्त ठरते. त्या सायंकाळी ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल व निळ्या रंगांची, सेकंदाला सुमारे १२ वेळा होणारी आलटापालट काही क्षण पडद्यावर दिसली आणि ६८५ प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुसंख्य मुले होती व अनेकांना त्यापूर्वी अपस्माराचा झटका कधीही आलेला नव्हता. आपण प्रकाशाला संवेदनशील आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला खेळाच्या आरंभी झळकणाऱ्या इशाऱ्याच्या पाटीचा उपयोग होत नाही. म्हणून सारी मदार प्रत्यक्ष चित्रावरच येऊन पडते.

या संदर्भात सर्वाधिक आधार घेतला जातो तो डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या निकषांतील २.३.१ या कलमाचा. कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा अधिक फ्लॅश असू नयेत, असे हे कलम सांगते. फ्लॅश म्हणजे दीप्ती वाढणे व पुन्हा घटणे (किंवा याच्या उलट) अशी बदलांची जोडी. हा बदल कमाल दीप्तीच्या किमान १० टक्के असावा आणि त्यातील गडद चित्राची सापेक्ष दीप्ती ०.८० पेक्षा कमी असावी, तरच तो मोजला जातो. गडद लाल रंगासाठी स्वतंत्र व अधिक कडक कसोटी आहे.

निकषाची ही रचना तर्कशुद्ध आहे, परंतु तिचे उपयोजन करताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली चूक मोजमापाची. पडद्यावरील रंगाचा आकडा म्हणजे दीप्ती नव्हे. करड्या रंगाची छटा २३० वरून २५५ वर नेली तर आकड्यांतील फरक १० टक्क्यांच्या आतच राहतो. दीप्ती मात्र सुमारे ०.७९ वरून १.०० वर जाते, म्हणजे बदल २१ टक्क्यांचा होतो. रंगाचे आकडे पाहून ‘मर्यादेत आहे’ असे ठरविणारा रचनाकार येथे स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

दुसरी चूक अधिक मूलभूत आहे. समजा, एका युद्धखेळात संध्याकाळच्या आकाशाची दीप्ती ०.३० आहे व प्रत्येक स्फोटाला पडदाभर उजेड पसरून ती ०.९० होते. एका खेळाडूचे शस्त्र सेकंदाला दोनदा चालते. हा परिणाम सुटा तपासला तर दोनच फ्लॅश होतात, अर्थात तो निर्दोष ठरतो. तथापि दोन खेळाडूंनी आळीपाळीने मारा केला की त्याच सेकंदात चार फ्लॅश होतात आणि मर्यादा मोडते. चित्रपटाची चौकट आधीच ठरलेली असते. खेळाची चौकट मात्र खेळाडूच घडवितो. त्यामुळे एखाद्या खेळीचे ध्वनिचित्रमुद्रण तपासून सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देणे हे अर्धेच काम होय. सर्व परिणाम एकत्र आल्यावर पडद्यावर जाणाऱ्या अंतिम चौकटीवरच मोजणी हवी. मागील एका सेकंदातील फ्लॅश मोजत राहावे व चौथ्याच्या वेळी उजेडाचा कळस ०.३८ वर रोखावा. म्हणजे बदल ०.०८ इतकाच राहतो व फ्लॅश म्हणून गणला जात नाही.

‘परिणाम मृदू केला की पुरे’ असा एक समज आढळतो, तोही तपासून घ्यावयास हवा. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ या खेळातील लाल-पांढऱ्या दिव्यांच्या वेगवान उघडझापीने एका समीक्षिकेला झटका आला. त्यानंतर काही दिवसांतच दिलेल्या दुरुस्तीत तो परिणाम मृदू तर केलाच, पण उघडझापीची वारंवारिता व तीव्रताही घटविली. हे योग्यच झाले. केवळ मृदुता आणून भागले नसते, कारण दीप्ती सावकाश चढली काय किंवा एकदम चढली काय, एका सेकंदाच्या आत ती चढून उतरली की मोजणीत येतेच.

निकषाच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. किती क्षेत्र लुकलुकल्यास धोका मानावा, हे मुळात दृष्टिक्षेत्राच्या कोनावर ठरते: १० अंशांच्या क्षेत्राचा चतुर्थांश. व्यवहारात मात्र १०२४ × ७६८ पिक्सेलचा पडदा नेहमीच्या अंतरावरून पाहिला जातो असे गृहीत धरून हे क्षेत्र २१,८२४ पिक्सेल असे सांगितले जाते. आजच्या दाट पिक्सेलांच्या पडद्यांवर हा आकडा जसाच्या तसा वापरणे अर्थशून्य आहे, आणि दूरचित्रवाणी संचाला खेटून बसलेल्या मुलाच्या बाबतीत तर कोनाचे गणितच बदलते. शिवाय ठळक, समांतर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनीही काही रुग्णांना झटका येऊ शकतो. ब्रिटनमधील प्रसारण-नियमांत अशा पट्ट्यांचा विचार आहे, कलम २.३.१ मात्र फ्लॅशपुरतेच बोलते. सरकत्या जाळ्या, कुंपणे वा पट्टेदार बोगदे असलेला खेळ या कलमात निर्धोक ठरूनही धोकादायक राहू शकतो.