हिरव्याचे सोने : एका छायाचित्राची परीक्षा

जामसांवलीच्या शयनस्थ मारुतीच्या दर्शनास श्रावणात गेलो असता देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याचे एक छायाचित्र मी घेतले होते. कडेला गवत, मागे संत्र्याची बाग, एक पिंपळ, चुन्याच्या भिंतींची कौलारू घरे आणि एक हिरवे दार. पुढे संगणकावर त्याच चित्राला मार्गशीर्षातील सोनेरी कळा देण्याचा प्रयत्न केला. अट एकच होती : घरांना हात लावावयाचा नाही. त्या प्रयत्नाचेच हे परीक्षण.

रंगांचे वर्तुळ ३६० अंशांचे मानले, तर पिवळा ६० वर व हिरवा १२० वर येतो. छायाचित्रातले गवत आपणांस हिरवे भासले तरी ते बहुधा ७० ते १०० च्या दरम्यान असते. वाळलेले गवत ४० ते ५० च्या आसपास. म्हणून तेवढाच पट्टा निवडून सुमारे ४० अंश सरकवला, रंगाची तीव्रता थोडी उतरवली आणि उजेड किंचित चढवला. उजेड न चढविल्यास गवत वाळलेले न दिसता कुजलेले दिसते. कौले आणि भगवा ध्वज या पट्ट्याबाहेर असल्याने आपोआप वाचले. दार मात्र वाचले नाही. ऑइलपेंटच्या हिरव्यात पिवळ्याचा अंश होता व ते मोहरीसारखे झाले. म्हणून घरांभोवती हाताने सीमारेषा आखून तो भाग वगळावा लागला. ही रेषा ढिली असली की कौलांच्या कडेला हिरवी किनार उरते. चित्र चौपट मोठे करून पाहिले की चोरी उघडी पडते.

आता खरा दोष. पहिल्या प्रयत्नात मी सारेच सोनेरी केले होते. परंतु सौंसर-पांढुर्णा भागातील कोणीही ते पाहून हसेल, कारण संत्र्याचे झाड बारमास हिरवे असते. पिंपळाची पानगळही मार्गशीर्षात नव्हे, ती फाल्गुनाच्या सुमारास. ऋतू गवतावर उतरतो, सर्व झाडांवर सारखा नाही. म्हणून बाग व पिंपळ पुन्हा हिरवे केले, केवळ धूळ बसल्यासारखे थोडे फिके.

तरीही एक अडचण सुटली नाही. झाडांखालच्या चुन्याच्या भिंतीवर पानांची हिरवट झाक पडली होती आणि पायथ्याशी शेवाळ होते. ही दोन्ही पावसाची देणगी, घराची नव्हे. ती पुसली तर भिंत बदलली असे होते, ठेवली तर पावसाळा उरतो. मी झाक काढली, शेवाळ ठेवले. त्याहून मोठी मर्यादा उजेडाची : ढगाळ दिवशी घरांची सावलीच पडली नव्हती. कोरड्या ऋतूची तिरपी, रेखीव सावली घरांवरच रेखावी लागते, आणि तेथे अट मोडते.

एवंच, ढगाळ चित्रातून ढगाळ मार्गशीर्षच निघतो. सोनेरी ऊन हवे असेल, तर पावसाळ्यातही उघडीप मिळालेल्या एखाद्या सकाळचे छायाचित्र निवडावे.