सुतार कुणाच्या घरचा?

मागे एकदा शेजारची सहावीतली मुलगी तिची वही घेऊन आमच्याकडे आली. वहीत दोन रकाने होते. पहिल्यात 'सु' हा उपसर्ग असलेले शब्द, दुसऱ्यात शेवटी 'हार' असलेले शब्द. पहिल्यात सुविचार, सुगंध, सुपुत्र, आणि त्याखाली सुतार. चारही बरोबर! दुसऱ्यात आहार, विहार, प्रहार, संहार, लोहार, हेही बरोबर. फक्त 'उद्धार' लाल शाईनं खोडलेला आणि बाजूला शेरा, 'यात हार कुठे आहे?' मुलगी म्हणाली, "हा शब्द आमच्या आजोबांनी सांगितला होता, ते चुकले का?"

आजोबा चुकले नव्हते. आमची तक्रार शेरा लिहिणाऱ्यावर नाही, दिसण्यावरून शब्दांची घराणी लावण्याच्या पद्धतीवर आहे.

आधी सुतार घेऊ. 'सु' काढला की 'तार' उरतो. सुविचारातून 'सु' काढला तर विचार उरतो, आणि सुविचार म्हणजे चांगला विचार. मग सुतार म्हणजे चांगली तार का? नाही ना. उपसर्ग काढल्यावर जे उरतं त्याला अर्थ हवा, एवढंच पुरत नाही. त्या अर्थाचं मूळ शब्दाशी नातं जुळायला हवं. सुताराचं मूळ 'सूत्रधार' मानतात. सूत्र म्हणजे मापाची दोरी, ती धरणारा तो सुतार. गुजराती-राजस्थानीत 'सुथार' म्हणतात. त्या 'थ'मध्ये जुन्या 'ध'चा श्वास अजून राहिला आहे. म्हणजे हा गृहस्थ धृ धातूच्या घरचा, आणि आपण त्याला 'सु'च्या ओसरीवर बसवलं! 'प्रश्न' हा शब्दही असाच 'प्र'च्या यादीत घुसतो. तिथे 'प्र' उपसर्ग नाहीच, विचारणे या अर्थाच्या प्रच्छ् धातूचाच तो तुकडा आहे.

आता 'हार'. हे घराणं हृ धातूचं. हृ म्हणजे नेणे, घेऊन जाणे. आत घेतो तो आहार, बाजूला सारणं तो परिहार, सगळं एकत्र ओढून घेणं तो संहार, नाशाचा अर्थ त्यातूनच आला. लोहार मात्र इथला नाही. तो 'लोहकार', म्हणजे कृ धातूचा. कुंभकाराचा कुंभार, चर्मकाराचा चांभार, सुवर्णकाराचा सोनार झाला, तसाच हा. मधला 'क' झिजला आणि 'लोह'चा 'ह' पुढच्या 'आर'ला चिकटला. एका शब्दावर हे कळत नाही. चार भावंडं शेजारी ठेवली की झीज सारखी दिसते आणि मग विश्वास बसतो.

उद्धारात उलटं झालं आहे. उत् आणि हार जवळ आले की 'त्'चा 'द्' होतो आणि 'ह'चा 'ध'. तत् आणि हित मिळून 'तद्धित' होतो तसंच. गंमत बघा, तद्धित हे प्रत्ययांच्याच एका वर्गाचं नाव! 'उदाहरण'मध्ये उत् आणि हरण यांच्यामध्ये 'आ' आला, म्हणून तिथे 'ह' शाबूत राहिला. आता कुणी म्हणेल, उत् आणि धृ मिळूनही उद्धारच होईल. होईल, ध्वनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. तिथे अर्थाकडे जावं लागतं. 'उद्धृत' म्हणजे ग्रंथातून बाहेर काढून घेतलेलं. ही नेण्या-आणण्याची, म्हणजे हृची बाजू आम्हाला अधिक पटते.

मग उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो का? हा वाद यास्काच्या निरुक्तात आहे. शाकटायन म्हणतो, सुट्या उपसर्गाला अर्थ नाही, तो नामाचा किंवा क्रियापदाचा अर्थ उजळतो. गार्ग्य म्हणतो, त्याला नाना प्रकारचे अर्थ आहेत. आम्ही शाकटायनाकडे झुकतो. 'वि' घ्या: विज्ञानात विशेष, विसंगतमध्ये अभाव, विहारात इकडेतिकडे. तेव्हा 'वि म्हणजे काय' असं मुलांकडून पाठ करून घेणं आम्हाला फोल वाटतं. घराचा कर्ता धातू. उपसर्गाला त्याच्या सोबतीनंच ओळखावं.

प्रत्ययाचंही तेच. इथे आपण शेतकऱ्याला कास्तकार म्हणतो. 'शेतकरी'तला 'करी' आपल्या कृचा, 'कास्तकार' फारसीकडून आलेला. त्यातला 'कार' हा कृचा इराणी चुलत भाऊ. नाटककाराच्या रांगेत त्याला बसवा, पण सख्खा म्हणून नको.

आणि आपलं यवतमाळ? शेवटचा 'माळ' माळरानाचा, असं कुणालाही वाटेल. जुन्या गॅझेटिअरमध्ये तो 'महाल' या शब्दाचा अपभ्रंश दिला आहे, महाल म्हणजे परगणा. ऐन-इ-अकबरीत या परगण्याचं नाव 'योत-लोहारा' असं येतं. त्यातला लोहारा म्हणजे आपल्या पश्चिमेचाच लोहारा. मुलीला आम्ही हे सांगितलं, तेव्हा तिनं वहीत 'लोहार'वर काट मारली आणि 'उद्धार' पुन्हा लिहिला, पेन्सिलीनं.