‘संग्रहित छायाचित्र’ म्हणजे नेमकं कधीचं?

संशोधनासाठी बातम्यांची पानं जमवताना आपण मजकूर वाचतो, तारीख नोंदवतो आणि फोटोकडे शोभेची वस्तू म्हणून बघतो. मीही तेच करत होते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या वादळांच्या बातम्यांचा तक्ता करताना एका फोटोने माझी सहा दिवसांची मेहनत पाण्यात घातली. तो किस्सा सांगते, कारण उद्या तुम्हीही हेच काम करणार आहात.

मे २०२१ मधलं एका बातमीदार संकेतस्थळाचं पान होतं. १७ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर जात गुजरातकडे सरकलं, त्याची बातमी. वर फोटो सुपारीच्या वाडीचा: उंच, भरलेली झाडं बुंध्यातून मोडून एकमेकांवर पडलेली. खाली दोनच शब्द, ‘संग्रहित छायाचित्र’. मी तक्त्यात लिहिलं, ‘तौक्ते, श्रीवर्धन परिसर, सुपारीचं मोठं नुकसान’.

खटकलं ते नंतर. वर्षभर आधीच, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं होतं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या त्यात आडव्या झाल्या. सुपारीचं रोप फळाला यायलाच पाच-सहा वर्षं तरी जातात. मग अकरा महिन्यांत पूर्ण वाढलेली वाडी परत उभी राहून परत कशी पडेल? एक तर ही वाडी निसर्गमधून वाचली होती, नाहीतर फोटोच निसर्गचा होता. दुसरी शक्यता खरी असेल तर माझ्या तक्त्यात एकच वाडी दोनदा पडली होती.

आता तपासणी. पहिली पायरी म्हणजे फोटो देऊन उलटा शोध घेणे. गूगल लेन्समध्ये तो टाकला. टिनआयमध्येही टाकला, कारण तिथे निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. जून २०२० मधल्या एका पानावर तोच फोटो सापडला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या शोधातून फोटो *कधी काढला* हे कळत नाही. तो *त्या दिवसापर्यंत काढला गेला होता*, एवढंच कळतं. तो निसर्गच्याही आधीचा, दुसऱ्याच जिल्ह्यातला असू शकतो. आणि शोधात काहीच सापडलं नाही, तर त्यावरून फोटो नवा आहे असंही ठरत नाही.

म्हणून दुसरी पायरी: मूळ फाइल मिळवायची. जुन्या पानावर छायाचित्रकाराचं नाव होतं. त्यांना विनंती केली, तेव्हा त्यांनी मूळ फाइल मेलला जोडून पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून मागवू नका, तिथे फाइल दाबली जाते आणि आतली माहिती गळून पडते. मूळ फाइलवर ही आज्ञा चालवा:

```
exiftool -DateTimeOriginal -OffsetTimeOriginal photo.jpg
```

उत्तर आलं ५ जून २०२०. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं, त्यामुळे हा आकडाही डोळे झाकून घ्यायचा नाही. पण फाइलमधली तारीख, जुन्या पानाची तारीख आणि छायाचित्रकाराचं सांगणं ही तिन्ही एकमेकांशी जुळली. तेव्हा कुठे मी तक्त्यातली ती ओळ खोडली.

मग त्या संकेतस्थळाचं चुकलं काय? ‘संग्रहित’ तर लिहिलं होतं ना? माझा आक्षेप इथेच आहे. ‘संग्रहित’ हा शब्द फोटो कुठून काढला ते सांगतो, म्हणजे आमच्या कपाटातून. तो कधीचा आणि कुठला, हे सांगत नाही. वादळाच्या बातमीखाली मोडलेल्या झाडांचा फोटो बघणारा वाचक तो त्याच वादळाचा समजणार, आणि दोन बारीक शब्द तो समज मोडत नाहीत.

आणखी एक गोष्ट कळली: छायाचित्रकाराला त्या वापराचा पत्ताच नव्हता. इथे परवानगी, श्रेय आणि तारीख या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक दिली म्हणून दुसरी माफ होत नाही.

‘फोटो सौजन्य: सोशल मीडिया’ हे श्रेय नाही. सोशल मीडिया फोटो काढत नाही, माणूस काढतो. आणि नाव दिलं तरी ती परवानगी होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची सवलत आहे. पण मागच्या वर्षीच्या वादळाचा फोटो या वर्षीच्या बातमीची जागा भरायला वापरणं त्या सवलतीत बसवणं अवघड आहे, असं माझं मत. ‘जुना फोटो आहे, चालतं’ हेही खरं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकला तरी ‘ही कृती माझी’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

उलट बाजूही बघा. नासाची उपग्रहचित्रं सहसा परवानगीशिवाय वापरता येतात, ‘नासा’ असं श्रेय दिलं की झालं. तरी तारखेचा प्रश्न उरतोच, इतकंच काय, वेळेचाही. टेरा उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास. म्हणजे ३ जूनचं टेराचं चित्र वादळ अजून समुद्रात असतानाचं. त्याखाली ‘किनाऱ्यावर धडकलेलं निसर्ग’ असं लिहिलं, तर परवानगी चोख, श्रेय चोख, तारीखही बरोबर, आणि ओळ मात्र खोटी.

विकतच्या साठ्यातल्या चित्रांचं दुखणं वेगळं. तिथे पैसे भरले की परवानगी मिळते, छायाचित्रकाराचं नावही मिळतं. पण माडांचा तो किनारा मुरूडचा की केरळचा, हे वर्णनात बहुधा नसतंच. ‘प्रातिनिधिक’ असं लिहून मासळीच्या भावाच्या बातमीला असं चित्र लावलं तर फारसं बिघडत नाही. नुकसानीच्या बातमीत मात्र चित्र हा पुरावा असतो, आणि पुरावा प्रातिनिधिक नसतो.

मग चित्रओळ कशी हवी होती? अशी: ‘निसर्ग वादळात पडलेली सुपारीची वाडी, श्रीवर्धन तालुका, ५ जून २०२०. तौक्तेच्या नुकसानीचे फोटो अद्याप मिळालेले नाहीत. छायाचित्र: अमुक, परवानगीने.’ ओळ लांब झाली, पण वाचकाला फसवलं नाही. एवढं लिहायला जागा नसेल तर फोटोच लावू नये.

माझ्या तक्त्यात आता फोटोसाठी चार रकाने आहेत: पान प्रसिद्ध झाल्याची तारीख, फोटो सर्वांत आधी दिसल्याची तारीख, फोटो काढल्याची तारीख आणि ती कशावरून ठरवली. तिसरा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे. तुमचाही राहील. तो अंदाजाने भरू नका, आणि ज्या ओळीत तो रिकामा आहे तिथला फोटो नुकसानीच्या मोजणीत धरू नका.